गोल टेबलांवर माणसं बसवायची तर आधी व्हीलचेअर, मग मान, मग बाकीचे

प्रश्न : बहिणीच्या रिसेप्शनचं जेवण जळगावला बँक्वेट हॉलमध्ये आहे, मे महिन्यात. १६४ माणसं, हॉलवाले म्हणतात ५ फुटी गोल टेबल १८ देतो, दहा दहा बसवा, जेवण टेबलावर वाढणार. आईची आई व्हीलचेअरवर आहे आणि तिला पुढेच बसायचंय. दोन्ही मामा एकमेकांशी बोलत नाहीत पण दोघांना आजीजवळच टेबल पाहिजे. मोठ्या काकांना फक्त डाव्या कानाने, तेही मशीन लावून ऐकू येतं. हॉल ५० बाय ७० फूट, समोर स्टेज, किचनचं दार डावीकडे, वॉशरूम उजवीकडे मागच्या कोपऱ्यात. कुणाला कुठे बसवू, सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, मी जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात पंधरा-सोळा वर्षं हॉलची आणि वाढपाची व्यवस्था बघतोय. सगळ्यात आधी सांगतो की कागद घेऊन नातेवाईकांपासून सुरुवात करू नका. बहुतेक घरी असंच होतं, आधी व्याही कुठे, जावई कुठे, मामा कुठे हे ठरतं, त्यावर दोन रात्री वाद होतात, आणि शेवटी उरलेल्या जागेत आजीची व्हीलचेअर कोंबली जाते. उलटं करा. व्हीलचेअर जिथे नीट जाते आणि नीट लागते अशा जागा हॉलमध्ये दोन-चारच असतात, बाकी माणूस कुठेही बसू शकतो. म्हणून ज्याची जागा हलू शकत नाही त्याला आधी पक्कं करायचं आणि बाकीचं घर त्याच्याभोवती मांडायचं.

त्याआधी आकडा दुरुस्त करू, कारण हॉलवाल्यांचा "दहा दहा" हा हिशोब खुर्च्यांचा आहे, माणसांचा नाही. ५ फुटी गोल टेबलाचा घेर साधारण १८८ इंच, त्याला दहाने भागलं तर माणशी १९ इंच पण येत नाही. खुर्चीच १८ इंच रुंद. म्हणजे कोपराला कोपर लागणार, वाढप्याला मधून वाटी ठेवायला हात घालता येणार नाही, आणि शेवभाजीचा रस्सा कुणाच्या तरी शालूवर जाणारच. नऊ बसवले तर माणशी २१ इंच मिळतात, ते चालतं. आठ असतील तर एकदम आरामात. तुम्ही नऊ धरा.

आजीच्या टेबलावर मात्र नऊ नाही. व्हीलचेअर चाकांसकट २५-२६ इंच रुंद असते, वर चाक फिरवायला हाताला जागा लागते, म्हणून ती दोन खुर्च्यांची जागा खाते. त्या टेबलावर एक खुर्ची अजून रिकामी ठेवायची, का ते पुढे सांगतो. म्हणजे तिथे सात माणसं. उरले १५७, नऊच्या हिशोबाने १८ टेबल, त्यात पाच जागा शिल्लक. झाले १९. आणि एक टेबल पूर्ण राखीव ठेवा, आपल्याकडे "येतो का नाही सांगता येत नाही" म्हणणारा माणूस येतो आणि सोबत दोघांना घेऊन येतो हे तुम्हाला माहीतच आहे. एकूण २० टेबल मागा, १८ नको.

२० टेबल तुमच्या हॉलमध्ये बसतात का? बसतात. स्टेजला १२ फूट गेले की ५० बाय ५८ उरतो, त्यात चारच्या पाच रांगा. प्रत्येक रांगेत दोन टेबल डावीकडे, दोन उजवीकडे, आणि मधे सरळ दारापासून स्टेजपर्यंत रस्ता. बाकी टेबलांमधे काठापासून काठापर्यंत साडेपाच फूट पुरे, पण मधला रस्ता ८ फूट ठेवा. ८ फूट ऐकायला फार वाटतं म्हणून डेकोरेशनवाला तो सहावर आणायला बघेल. त्याला सांगा की माणसं बसली की दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट खुर्च्या खातात, उरतात चार. चार फुटातून व्हीलचेअर आणि तिच्या बाजूने एक माणूस एवढंच जातं. सहा ठेवलं तर दोनच उरतात आणि मग आजीला बाहेर न्यायचं म्हणजे वाटेतल्या सगळ्यांनी जेवता जेवता उठून खुर्च्या सरकवायच्या, म्हातारं माणूस अशा वेळी बाथरूमला जायचंय हे सांगतच नाही, दाबून बसतं. पाणी पण पीत नाही मग, मे महिन्यात आणि आपल्या जळगावच्या उन्हाळ्यात.

आता आजी कुठे. तिला पुढे बसायचंय, बरोबर आहे तिचं, नातीचं लग्न आहे. पण पहिल्या रांगेत बसवू नका. तिथे स्टेजचे दोन्ही स्पीकर, फोटोवाल्याचे दिवे आणि वायरी, भेट द्यायला येणाऱ्यांची रांग, म्हणजे तिला दिसणार फक्त लोकांच्या पाठी. दुसरी रांग, मधल्या रस्त्याला लागून, उजवीकडचं टेबल, ही तिची जागा. तिथून स्टेज मोकळं दिसतं आणि वॉशरूमला जायला सरळ मधल्या रस्त्याने मागे आणि मग उजवीकडे, कुणाला उठवायचं नाही. टेबल घड्याळासारखं धरा, स्टेजकडे १२, तर आजी ८ वर. म्हणजे तोंड स्टेजकडे तिरकं, पाठ रस्त्याकडे, आत-बाहेर करायला कुणाची खुर्ची मधे नाही. अगदी ९ वर ठेवलं तर खुर्चीचा मागचा भाग सरळ रस्त्यात येतो आणि पळणारी पोरं धडकतात.

हॉलवर जाऊन एक गोष्ट प्रत्यक्ष बघायचीच. आजीची व्हीलचेअर नेता आली तर न्या, नाही तर घरी तिच्या हातांच्या दांड्यांची जमिनीपासून उंची मोजून टेप घेऊन जा. बहुतेक साध्या व्हीलचेअरच्या दांड्या २९-३० इंचावर असतात आणि हॉलच्या टेबलाची उंची पण तेवढीच, त्यामुळे दांडी टेबलाच्या काठाला अडते आणि आजी ताटापासून हातभर लांब राहते. मग कुणीतरी मांडीवर ताट देतं आणि वरण सांडतं. यावर तीन उपाय आहेत. काही खुर्च्यांच्या दांड्या निघतात किंवा मागे पलटतात, ते बघा, सगळ्यात सोपं ते. दुसरा, आजी अर्धा-पाऊण तास साध्या खुर्चीत बसू शकत असेल तर हात असलेली भक्कम खुर्ची मागा. ती कव्हर घातलेली बिनहाताची हलकी खुर्ची नको, उठताना टेकायला काही नसतं आणि ती सरकते. तिसरा, तेवढं एक टेबल हॉलवाल्याकडून दुसरं घ्या, ३१-३२ इंचाचं असतं काहींकडे. विटा लावून टेबल उंच करू नका, गोल टेबलाचा एक पाय सरकला की गरम भाजीसकट सगळं मांडीवर.

टेबलाच्या खाली पण वाकून बघा. लोखंडी घडीचा स्टँड असेल तर त्याचे पाय कुठल्या दिशेला आहेत ते बघून टेबल फिरवा, म्हणजे व्हीलचेअरचं पाय ठेवायचं पायदान दोन पायांच्या मधे जाईल. आणि जमिनीपर्यंत लोंबणारी झालर आजीच्या बाजूने वर दुमडून पिना मारा, ती चाकात जाते आणि खुर्ची मागे घेताना ताटासकट चादर ओढली जाते, मी बघितलंय हे.

माझ्याकडून पहिल्या दोन वर्षांत एक चूक झाली होती ती सांगतो, कारण हॉलवाले तुम्हाला हेच सुचवतील. मी "ज्येष्ठांचं टेबल" करायचो. काठीवाले, वॉकरवाले, गुडघेवाले सगळे एका टेबलावर, दाराजवळ, सोय म्हणून. धुळ्याच्या एका लग्नात तशा टेबलावर एका आजीला बाथरूमला जायचं होतं आणि टेबलावरच्या एकालाही तिला धरून नेता येईना, सगळेच काठीवाले. तिची सून चार रांगा पुढे पाठ करून बसलेली. वाढप्याने बघितलं म्हणून निभावलं. त्यानंतर त्या आजी मला अहिराणीत म्हणाल्या, "मी पोरीना जोडेच बससू." म्हणजे पोरीजवळच बसणार. तेव्हापासून मी गरज असलेल्या माणसाला घरापासून उचलून वेगळं बसवत नाही, घर उचलून त्याच्याजवळ आणतो.

म्हणून आजीच्या टेबलावर कोण ते असं. आजी, तिला घरी रोज बघणारी जी कुणी असेल ती (मावशी धरू), मावशीचे यजमान, आजीची बहीण आणि तिची लेक, आणि दोन नाती, मोठ्या मामांची एक, धाकट्या मामांची एक. झाले सात. रोज बघणारी बाई आजीच्या लगेच शेजारी, तिची जागा हलवायची नाही, तिला माहीत असतं आजी कधी थकते, किती घास खाते, गोळी जेवणाआधी का नंतर. आठवी खुर्ची आजीच्या दुसऱ्या बाजूला रिकामी. ती बसायला येणाऱ्यांसाठी. लग्नात प्रत्येक जण आजीला नमस्कार करायला येतो आणि उभा राहून वाकून बोलतो, आजीला मान वर करून करून दुखायला लागते. खुर्ची असली की माणूस बसतो, दोन मिनिटं नीट बोलतो.

आणि याच खुर्चीने मामांचं निम्मं काम होतं.

मामांपैकी एकालाही आजीच्या टेबलावर बसवू नका. एकाला बसवलं तर दुसरा जेवणार नाही आणि दोघांना बसवलं तर आजी जेवणार नाही. आपल्याकडे मामाचा मान मोठा, हळदीपासून त्याच्याशिवाय पान हलत नाही, म्हणून इथे अंदाजाने काही करू नका. माझा अनुभव असा की रुसवा "मला मागे बसवलं" याचा कमी असतो, "त्याच्यापेक्षा मागे बसवलं" याचा जास्त असतो. तर दोघांचं अंतर सारखं पाहिजे, आणि ते स्टेजपासून नाही, आईपासून. मोठ्या मामांचं टेबल आजीच्या टेबलाच्या उजवीकडे, त्याच दुसऱ्या रांगेत. धाकट्या मामांचं आजीच्या टेबलाच्या बरोबर मागे, तिसऱ्या रांगेत, रस्त्याला लागून. दोन्ही टेबल आजीच्या टेबलापासून सारख्याच साडेपाच फुटांवर. मोठ्याला रांग पुढची मिळाली, ते वयाप्रमाणे बरोबर आहे. धाकट्याला रांग मागची, पण आजी ८ वर बसलीय म्हणजे तिची खुर्ची त्याच्याच बाजूला जास्त जवळ. आणि ही दोन टेबलं एकमेकांना तिरकी लागतात, शेजारी नाहीत, त्यामुळे रोजचं "तोंड बघावं लागतं" तेवढं राहत नाही. दोघांच्या लेकी आजीच्या टेबलावर आहेत म्हणजे दोघांचंही घर आईजवळ आहे. रिकामी खुर्ची दोघांची, ज्याला जेव्हा आईजवळ बसायचं तेव्हा तो येईल.

हे तुम्ही नाही सांगायचं. तुमच्या आईने दोघांना वेगवेगळा फोन करून आधी सांगायचं, आठ दिवस आधी, "तुझं टेबल आईला लागून आहे" एवढंच. दुसरा कुठे बसलाय हे विचारलं तर खरं सांगायचं, लपवायचं नाही, हॉलवर येऊन कळलं तर तिथे भडका उडतो.

आता व्याही मंडळी. आमच्याकडे याही म्हणतात, त्यांचं घरातलं सगळ्यात मोठं माणूस आजीच्या समोर, रस्त्याच्या डाव्या बाजूला, त्याच दुसऱ्या रांगेत. म्हणजे दोन्ही घरची मोठी माणसं समोरासमोर, एकाच ओळीत. यात अजून एक फायदा आहे, दुसरी रांग हीच मानाची रांग आहे हे सगळ्यांना न बोलता कळतं, आणि मग आजीला "सोयीसाठी" मागे बसवलंय असं कुणाला वाटत नाही. पहिली रांग चुलत-मावस भावंडं आणि मित्रांना द्या, त्यांना स्पीकर चालतो, उलट आवडतो.

मोठ्या काकांचं वेगळं आहे. त्यांना सगळे प्रेमाने पुढे बसवतात आणि ते तीन तास नुसतं हसत मान हलवत बसतात, एक शब्द कळत नाही. कानातली मशीन जवळचा माणूस आणि लांबचा स्पीकर दोन्ही मोठं करते, कूलरची घरघर पण. त्यांना तिसऱ्या रांगेत उजव्या भिंतीला लागलेलं टेबल द्या आणि खुर्ची भिंतीला पाठ करून. मग तोंड हॉलकडे, स्टेजचा आवाज उजव्या कानावर, ज्याने तसंही ऐकू येत नाही, आणि डावा कान स्टेजपासून लांबच्या बाजूला. डाव्या हाताला लगेच असा माणूस बसवा ज्याचा आवाज त्यांना ओळखीचा आहे, काकू असतील तर काकू, नाही तर लेक. पाच फुटी टेबलावर समोरचा माणूस पाच फूट लांब असतो, त्याचं बोलणं त्यांना ओठांवरूनच कळणार, म्हणून त्या टेबलावर उजेड पाहिजे, मूड लाइट म्हणून अंधार करतात तसा नको. समोर फुलांचा उंच स्टँड ठेवतात तोही त्या टेबलावरून काढा. किचनचं दार डावीकडे आहे म्हणून भांड्यांचा आवाज पण इथे पोचत नाही. कूलर लावणार असतील तर या भिंतीला नको एवढं बजावा.

पण काका तुमच्या बाबांचे मोठे भाऊ, त्यांना तिसरी रांग म्हटलं की बाबाच नाही म्हणतील. काकांना स्वतःला विचारा. दोन्ही जागा सांगा, पुढे बसून ऐकू येणार नाही, इथे बसून गप्पा होतील, तुम्ही सांगा. मी ज्यांना ज्यांना असं विचारलंय त्यातल्या बहुतेकांनी ऐकू येणारी जागा घेतली. त्यांनी पुढची मागितली तर पुढची द्या, निर्णय त्यांचा आहे. आणि मागची घेतली तर बाबांनी स्वतः दारापासून टेबलापर्यंत त्यांना घेऊन जायचं, सगळ्यांच्या देखत.

बाकी १४ टेबलांवर एवढा विचार नको. घरं मोडू नका, खुर्च्या नेमू नका, फक्त टेबल नेमा. खुर्ची नेमायची ती आजी, आजीची सोबत, काका आणि काकांची सोबत, एवढी चारच नावं ताटापाशी लिहून ठेवा. लहान पोरांची घरं किचनच्या बाजूला, वाढपी सारखा तिथून जातो, भात लवकर मिळतो. पण किचनच्या दारासमोरचं पहिलं टेबल पोरांचं नको, गरम पातेलं घेऊन माणूस त्या दारातून बाहेर येतो.

इतर घरांत कुणाला काय अडचण आहे हे विचारताना "कुणी अपंग आहे का" असं विचारलं तर सगळे नाही म्हणतात. मी प्रत्येक घरातल्या एकाच माणसाला फोन करतो आणि विचारतो, "नाना घरातून गाडीपर्यंत कसे येतात, एकटे का धरून? पायऱ्या चढतात का? जेवणात काही पथ्य?" याला खरं उत्तर मिळतं. इन्सुलिन घेणारं कुणी निघालं तर त्यांना सांगा की घरूनच टोचून निघू नका, ताट कधी येतं ते बघून डॉक्टरांनी सांगितलंय तसं घ्या, आणि त्या टेबलाला पहिल्या फेरीत वाढायला लावा. कार्यक्रम लांबतो हो आपल्याकडे, साडेआठचं जेवण दहाला जातं.

यादी मोबाइलवर एक्सेलमध्ये करा. ए मध्ये नाव, बी मध्ये घर, सी मध्ये कुणासोबत पाहिजे, डी मध्ये कुणासोबत नको, ई मध्ये गरज, एफ मध्ये टेबल. आजीखाली दोन रिकाम्या ओळी घ्या, एकीत "व्हीलचेअरची जागा", दुसरीत "बसायला येणाऱ्यांची खुर्ची" असं लिहा आणि टेबल आजीचंच टाका. मग एफ सोडून दुसऱ्या रिकाम्या रकान्यात खालचं सूत्र टाका, अवतरणात त्या टेबलाचं नाव, म्हणजे कुठल्याही टेबलाची मोजणी नऊच्या वर गेली की लगेच कळतं.

```
=COUNTIF(F:F,"गिरणा")
```

टेबलांना नंबर देऊ नका, १४ नंबर मिळालेला माणूस १३ जण आपल्या पुढे मोजतो. मी नद्यांची नावं देतो, गिरणा, वाघूर, पांझरा, बोरी, अनेर, अंजनी, तितूर, गोमाई, बुराई अशी, वीस होतात आपल्या भागातल्या सातपुड्याच्या छोट्या नद्या धरून. तापी मोठी म्हणून ती पुढे ठेवू नका, मधे कुठेतरी ठेवा. दाराशी यादी मोठ्या अक्षरात, आडनावाप्रमाणे नाही तर घराप्रमाणे लावा, आणि सोबत दोन्हीकडची माणसं ओळखणारी दोन पोरं उभी करा, म्हातारी माणसं यादी वाचत नाहीत, विचारतात.

हॉलच्या दाराशी पायऱ्या असतील तर तेही आजच बघा. रॅम्प म्हणजे दर १ फूट उंचीला १२ फूट लांबी. सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, त्याला १८ फुटी रॅम्प लागतो. हॉलवाला सहा फुटी फळी दाखवून "आहे ना रॅम्प" म्हणेल, त्यावरून खुर्ची खाली सुटते. बाजूचं सपाट दार असेल तर ते घ्या, पण मग स्वागताची ताई, अत्तर, गुलाबपाणी तिथेच उभं करा आणि मावशीकडचं सगळं घर आजीसोबत त्याच दाराने आत आणा. वॉशरूमच्या दाराची मोकळी रुंदी मोजा, ३२ इंच तरी पाहिजे, आणि उंबरा किती ते बघा. आजी स्टेजवर चढणार नाही, तर जोडप्यानेच खाली यायचं हे फोटोवाल्याला आधी सांगून ठेवा, जेवणाच्या आधी, नाही तर ऐनवेळी चार पोरं तिला खुर्चीसकट उचलायला जातात आणि आजी घाबरते.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, डेकोरेशन पूर्ण झाल्यावर, तुम्ही स्वतः व्हीलचेअरमध्ये बसा आणि भावाला ढकलायला सांगा. गाडी लागते तिथून दार, दारातून टेबल, टेबलापासून वॉशरूम, आणि परत. लाल कार्पेटची घडी कुठे उठलीय, कूलरची वायर कुठे आडवी गेलीय, पाणी कुठे सांडलंय हे बसल्यावरच कळतं, पुढची छोटी चाकं दीड इंचाच्या घडीला पण अडतात. कार्पेटला कडेने चिकटपट्टी, वायर भिंतीकडून फिरवून घ्या. सहापर्यंत हे झालं पाहिजे, सहानंतर डेकोरेशनवाला सापडत नाही.